संगमरवर, लिंबू आणि लोणच्याचा डाग

संगमरवर हा मुळात चुनखडक. जमिनीखाली खोलवर उष्णता आणि दाब सोसून त्याचे कण पुन्हा स्फटिकरूप झाले, एकमेकांत घट्ट गुंतले, की त्याचा संगमरवर होतो. त्यातले मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपला आणि अंड्याचे कवचही याच पदार्थाचे बनलेले असते. राजस्थानातल्या मकराण्याचा पांढरा दगड जवळजवळ शुद्ध कॅल्साइटचा असतो. ताजमहाल आणि कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल याच दगडाचे. महाराष्ट्रातल्या घरांत, जिन्यांत आणि देवळांत जी पांढरी फरशी दिसते तीही बहुधा मकराणा, राजसमंद किंवा अंबाजी इथल्या खाणींतून आलेली असते. अलीकडे तिच्या जोडीला इटालियन मार्बल आला आहे. तो दिसायला वेगळा असला तरी घडण तीच, कॅल्साइटची.

फरशीची निगा या दगडाच्या तीन गुणधर्मांवर ठरते. पहिला, तो मऊ असतो. खनिजांची कठीणता १ ते १० अशा मापाने मोजतात. कॅल्साइटची कठीणता ३, तर वाळूतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची, ७. दुसरा, आम्लात तो विरघळतो. तिसरा, त्याच्या स्फटिकांमध्ये अतिसूक्ष्म फटी असतात आणि त्यांतून पाणी, तेल, रंग हळूहळू आत शिरतात. ओरखडे पहिल्या गुणधर्मामुळे पडतात, फरशी निस्तेज होते ती दुसऱ्यामुळे आणि मुरलेले डाग येतात ते तिसऱ्यामुळे. या तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत. संगमरवराचे बरेचसे नुकसान एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्याने होते.

आम्ल दगडाचे काय करते

आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला लागले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि कॅल्शियमचा क्षार तयार होऊन पाण्यात जातो. फरशीवर ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो तो मळ सुटल्याचा नसतो, खुद्द दगड विरघळत असल्याचा असतो. त्याखालून पांढरीशुभ्र फरशी दिसते, कारण मळ धरून बसलेला दगडाचा वरचा थर मळासकट निघून गेलेला असतो. सुकल्यावर कळते की चमकही त्याच्याबरोबर गेली आहे.

किती दगड जातो, याचा हिशेब सोपा आहे. शौचकूप स्वच्छ करण्याच्या द्रावणात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. असे १० मिलिलिटर द्रावण, म्हणजे दोन चमचे, फरशीवर सांडले तर त्यात सुमारे १ ग्रॅम आम्ल असते आणि ते सुमारे १.४ ग्रॅम संगमरवर खाते. हे द्रावण १० सेंटिमीटर लांब-रुंद जागेत पसरले असेल तर तिथला ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर जातो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण चमक ज्या मापाने ठरते ते माप याहून फार लहान आहे. फरशीत खिडकीचे प्रतिबिंब दिसायचे तर तिच्या पृष्ठभागावरचे उंचसखलपण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण ०.०००५ मिलिमीटरपेक्षा, कमी असावे लागते. दोन चमचे ॲसिडने त्याच्या शंभरपट थर नेला. शिवाय स्फटिक सगळीकडे सारखे विरघळत नाहीत. काही दिशांनी लवकर, काहींनी उशिरा, आणि स्फटिकांच्या सांध्यांत अधिक. त्यामुळे खाली उरतो तो खडबडीत पृष्ठभाग. प्रकाश त्यावरून वाटेल तसा विखुरतो आणि डोळ्याला पांढुरका, मेलेला ठिपका दिसतो.

यासाठी ॲसिडची बाटलीच लागते असे नाही. लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते. रसाचा एक थेंब चौरस सेंटिमीटरभर पसरून तसाच राहिला तर तो ०.००७ मिलिमीटर दगड नेऊ शकतो. चमक जायला तेवढे पुष्कळ झाले. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असते, चिंचेत टार्टारिक, दह्याताकात लॅक्टिक, कोला पेयांत फॉस्फरिक. कोकम सरबत, कैरीचे पन्हे आणि टोमॅटोचे सार हेही याच यादीतले. आम्लाची क्रिया पहिल्या मिनिटातच सुरू होते. म्हणून सांडलेले सरबत ताबडतोब टिपून पाण्याने पुसले तर नुकसान कमी होते, पण मुळीच होत नाही असे नाही.

सगळे दगड सारखे नसतात. राजसमंदच्या बऱ्याच पांढऱ्या दगडांत कॅल्साइटपेक्षा डोलोमाइट जास्त असते. या खनिजात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम असते आणि थंड, सौम्य आम्लाशी ते फार सावकाश क्रिया करते. म्हणून एका घरात लिंबाने लगेच ठिपका पडतो आणि दुसऱ्या घरात तसाच दिसणारा दगड बराच वेळ टिकतो. उदयपूरकडचा हिरवा मार्बल भूशास्त्राच्या दृष्टीने संगमरवरच नाही. तो सर्पेंटाइन जातीचा खडक आहे, मात्र त्यातल्या पांढऱ्या शिरा पुष्कळदा कॅल्साइटच्या असतात. उलट शहाबाद, कोटा आणि ओट्यावर बसवतात तो काळा कडप्पा हे दिसायला संगमरवरापासून दूर असले तरी चुनखडकच आहेत आणि आम्ल त्यांनाही खाते. दगड कोणता याची शंका असेल तर कामातून उरलेल्या तुकड्यावर लिंबाचा एक थेंब ठेवून दहा मिनिटांनी पुसावा आणि तुकडा उजेडात तिरका धरून पाहावा. तुकडा नसेल तर कपाटाखालचा कोपरा घ्यावा.

बाटलीवर काय पाहावे

व्हिनेगर आणि पाणी हा घरगुती उपाय काचेला आणि सिरॅमिक टाइल्सना चालतो, कारण त्यांच्यात विरघळण्यासारखा कार्बोनेट नसतो. संगमरवरावर हाच उपाय सौम्य ॲसिडने रोज फरशी धुण्यासारखा आहे. एका दिवसात काही दिसत नाही, पण काही महिन्यांत चालण्याच्या वाटेवरची चमक उतरते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची कृतीही बरीच प्रचलित आहे. तिच्यात फेस येतो, पण तो दोघे एकमेकांना निकामी करत असल्याचा. शेवटी उरते ते मुख्यतः खारट पाणी आणि जे जास्त झाले असेल ते.

पाण्याचे पांढरे डाग काढणारी द्रावणे सर्वांत फसवी. बोअरवेलच्या जड पाण्याने फरशीवर किंवा नळाखाली जो पांढरा थर बसतो तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, म्हणजे फरशी ज्या पदार्थाची त्याच पदार्थाचा. थर विरघळवून फरशी मात्र सोडून देईल असे आम्ल असू शकत नाही. हा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून आणि मग बारीक पॉलिशने घासूनच काढावा लागतो. बांधकामानंतर राहिलेले सिमेंटचे शिंतोडेही तसेच काढावे. ते ॲसिडने धुवून टाकण्याची पद्धत अजून दिसते. तिच्यामुळे फरशी पहिल्याच दिवशी निस्तेज होते आणि लाद्यांच्या सांध्यांतले सिमेंटही भुसभुशीत होते.

लेबलवरून उलगडा होत नसेल तर पीएच पट्टी उपयोगी पडते. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ती मिळते. फरशी पुसण्यासाठी जेवढे द्रावण पाण्यात घालायचे तेवढेच घालून पट्टी बुडवावी. आकडा ७ ते ९ च्या दरम्यान आला तर ते रोजच्या वापराला चालते. ७ च्या बरेच खाली गेला तर चालत नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेले असो. लिंबाचे चित्र असलेल्या भांड्यांच्या लिक्विडमध्ये कधी फक्त सुगंध असतो, कधी खरोखर आम्ल असते. हा फरक पट्टीच सांगते.

ब्लीचची गोष्ट वेगळी. सोडियम हायपोक्लोराइट आम्लारी असल्याने ते दगड खात नाही, पण रोजच्या फरशीला त्याची गरजही नसते. मुख्य धोका माणसाला असतो. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. न्हाणीघरात आधी एक आणि लगेच दुसरे वापरतानाही हे घडते. ब्लीच आणि अमोनिया असलेले द्रावण यांचे मिश्रणही तितकेच घातक.

मग मिस्त्री ॲसिडने पॉलिश कसे करतात

आम्ल नको म्हटले की एक शंका हमखास निघते. मशीनने फरशी घासणारे कारागीर शेवटच्या फेरीत ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकतात आणि त्यानंतरच आरशासारखी चमक येते, ती कशी? याचे उत्तर त्या आम्लाच्या स्वभावात आहे. हायड्रोक्लोरिक किंवा सायट्रिक आम्लापासून होणारे कॅल्शियमचे क्षार पाण्याबरोबर निघून जातात. ऑक्झॅलिक आम्लापासून होणारे कॅल्शियम ऑक्झलेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते दगडावरच पातळ थराने बसते आणि मशीनचा दाब व घर्षण त्याला तिथेच सपाट करत जाते. शिवाय तोपर्यंत दगड क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या घासदगडांनी गुळगुळीत झालेला असतो. आम्ल हा त्या कामाचा शेवटचा छोटा भाग असतो. तीच पूड पाण्यात कालवून डागावर ओतून ठेवली तर घर्षण नसल्याने चमक येत नाही, उलट पांढरट ठिपका पडतो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, म्हणून ही पूड घरात मोकळी ठेवूही नये.

आधी निदान

फरशीवरची कोणतीही खूण तीन प्रकारांत बसते. एक म्हणजे दगडावर बसलेले काहीतरी, जसे साबणाचा थर, मेण किंवा पाण्याचे क्षार. दुसरा म्हणजे दगडात मुरलेले तेल, हळद, चहा किंवा गंज. तिसरा म्हणजे दगडच कमी झालेला, आम्लाने खाल्लेला किंवा ओरखडलेला. पहिल्यात वरचा थर काढायचा असतो, दुसऱ्यात आतले बाहेर ओढायचे असते आणि तिसऱ्यात दगड पुन्हा गुळगुळीत करायचा असतो. आम्लाची खूण कितीही धुतली तरी जात नाही, कारण तिथे धुऊन काढण्यासारखे काही नसतेच.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. फरशीजवळ बसून खिडकीच्या दिशेने तिरके पाहावे. रंग बदललेला नाही, पण उजेडाचे प्रतिबिंब त्या ठिकाणी तुटते, असे दिसले तर ती आम्लाची खूण. पेल्याच्या बुडाएवढे गोल वलय किंवा ओघळाचा आकार हे तिचे नेहमीचे रूप. उलट, सरळ वरून पाहिल्यावर गडद किंवा रंगीत दिसणारा भाग हा मुरलेला डाग असतो. दुसरी कसोटी पाण्याची. त्या जागी थोडे पाणी पसरले की आम्लाची खूण दिसेनाशी होते, कारण पाणी बारीक खळगे भरून काढते. पाणी सुकले की ती पुन्हा दिसते. मुरलेला डाग पाण्याखालीही दिसत राहतो. तिसरी कसोटी नखाची. नख फिरवताना काही निघून आले तर वरचा थर, नख कडेला अडले तर खोल झीज.

रोजची सफाई

मऊ दगडावर सर्वाधिक ओरखडे पडतात ते धुळीतल्या वाळूने. ओल्या फडक्याखाली वाळूचा कण सापडला की फडके सँडपेपरचे काम करते. म्हणून फरशी पुसण्याआधी मऊ केरसुणीने किंवा कोरड्या मायक्रोफायबरच्या मॉपने झाडून घेणे हाच सफाईचा महत्त्वाचा भाग. दाराबाहेर एक आणि आत एक असे पायपुसणे असेल तर बरीचशी वाळू घरात येतच नाही. टेबलखुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावावे.

पुसण्यासाठी बादलीभर कोमट पाण्यात उदासीन लिक्विड सोपचे काही थेंब पुरतात. जास्त घातले तर फरशी जास्त स्वच्छ होत नाही, साबणाचा पातळ थर मात्र राहतो. तो पायाला चिकट लागतो, धूळ धरतो आणि फरशी मळकट दिसू लागते. मग ती अधिक जोरकस द्रावणाने धुण्याचा मोह होतो आणि नुकसान तिथूनच सुरू होते. फडके घट्ट पिळून घ्यावे, पाणी काळपट झाले की बदलावे, दुसऱ्या फेरीत नुसत्या पाण्याने पुसावे आणि शेवटी कोरड्या फडक्याने. जड पाण्याच्या गावात ही कोरडी फेरी टाळता येत नाही, कारण सुकणारा प्रत्येक थेंब मागे क्षार ठेवतो. पाण्यात मीठ घालून पुसण्याची पद्धतही याच कारणाने टाळावी. मीठ फटींत शिरून तिथे स्फटिकरूप होते आणि कालांतराने दगडाचा पृष्ठभाग भुसभुशीत करू शकते. भांडी घासायची पावडर, तारेची घासणी आणि कडक ब्रश संगमरवराला लावू नयेत.

काही सांडले तर आधी टिपावे, पुसू नये. पुसल्याने डाग पसरतो आणि नव्या जागी मुरतो. कोरडा कागद किंवा सुती फडके वरून दाबून धरावे, बदलत राहावे, मग कडेकडून मध्याकडे पाण्याने टिपत यावे.

मुरलेल्या डागाचा लेप

फटींत शिरलेला पदार्थ घासून बाहेर येत नाही, कारण फडके तिथपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी लेप लावतात. शोषक पांढरी भुकटी आणि डाग विरघळवणारा द्रव यांची लोण्याइतकी घट्ट लुकणी करून डागावर थापतात. द्रव दगडात शिरतो, डाग विरघळवतो आणि लेप सुकू लागला की तो द्रव डागासह उलटा लेपाकडे ओढला जातो. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या भिंतींवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण मुलतानी मातीचा जो लेप लावते त्यामागचे तत्त्व हेच.

घरी भुकटी म्हणून पांढरी केओलिन माती किंवा साधी टाल्क पावडर चांगली. मुलतानी मातीतही शोषणशक्ती भरपूर आहे, पण तिच्यात लोह असते. त्यामुळे गंजाच्या डागावर किंवा आम्लयुक्त द्रवाबरोबर ती वापरत नाहीत. लेपाची जाडी सुमारे ६ मिलिमीटर असावी आणि तो डागाच्या कडेबाहेर चहूकडून दोन सेंटिमीटर जावा. नाहीतर डाग लेपाच्या कडेशी सरकतो आणि तिथे वलय उमटते. वर स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिकचा कागद घालून कडा चिकटपट्टीने बंद कराव्या. २४ तासांनी कागद काढून लेप तसाच पूर्ण सुकू द्यावा. पुष्कळजण ही दुसरी पायरी गाळतात, ओला लेपच उचलतात आणि उपाय फसला असे समजतात. खरे तर डाग वर चढतो तो सुकतानाच. सुकून तडकलेला लेप प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने काढावा, जागा पाण्याने पुसावी आणि निकाल एक दिवसाने पाहावा, कारण ओला संगमरवर नेहमीच गडद दिसतो. जुन्या डागाला हे तीन-चार वेळा करावे लागते.

द्रव डागाच्या जातीवर ठरतो. तेलकट डागासाठी रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन किंवा ॲसिटोन. चहा, कॉफी, फळांचा रस, हळद, पाने-फुले यांच्या रंगासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड रंग विरंजित करते, म्हणून ते फक्त पांढऱ्या किंवा फिक्या दगडावर वापरावे. बाटलीतले पेरॉक्साइड टिकावे म्हणून किंचित आम्ल ठेवलेले असते, तेव्हा कोपऱ्यात आधी चाचणी घ्यावी. टर्पेंटाइन आणि ॲसिटोन पेट घेतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ गॅस, समई किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. ॲसिटोन आणि पेरॉक्साइड कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांच्यापासून स्फोटक संयुग होऊ शकते. म्हणून ज्या डागावर पुढे पेरॉक्साइड वापरायचे आहे तिथे तेलासाठी टर्पेंटाइनच निवडावे.

लोणच्याचा डाग

तिन्ही प्रकारचे नुकसान एकाच जागी पाहायचे असेल तर लोणच्याइतके चांगले उदाहरण नाही. पांढऱ्या मकराणा फरशीवर रात्री कैरीच्या लोणच्याचा खार सांडला आणि सकाळी लक्षात आला, असे समजू. खारात तेल आहे, हळद आहे आणि कैरीचे आम्ल आहे. तळहाताएवढ्या, सुमारे ८ सेंटिमीटरच्या जागेत तिघांनी आपापले काम केलेले असते.

प्रथम मसाला जुन्या प्लॅस्टिक कार्डाने कडेकडून आत ओढत उचलावा आणि उरलेले तेल कागदाने टिपावे. मग उदासीन साबणाच्या पाण्याने जागा पुसून कोरडी करावी. कपड्यांचा वडीचा साबण इथे आणला तर पिवळा डाग एकदम लाल होतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हळदीतले कर्क्युमिन आम्लारी पदार्थाने लाल होते आणि हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. पाण्याने साबण निघून गेला की रंग पुन्हा पिवळा होतो.

जागा सुकल्यावर निदान करावे. वरून पाहता मधोमध गडद, तेलकट छटा आणि भोवती पिवळेपणा दिसतो. तिरके पाहता त्याच जागी प्रतिबिंब तुटलेले असते. क्रम ठरतो तो असा: आधी तेल, मग रंग, शेवटी चमक. तेल फटी अडवून बसते आणि ते असेपर्यंत पाण्यातले पेरॉक्साइड रंगापर्यंत पोचत नाही. चमक शेवटी, कारण लेपांनी जी थोडीफार निस्तेजता येईल तीही त्याच पॉलिशमध्ये निघून जाते.

तेलासाठी १२ सेंटिमीटर व्यासाचा लेप लागेल. त्याला ६० ते ७० ग्रॅम टाल्क पुरते. टर्पेंटाइन थोडे थोडे घालत घट्ट लुकणी करावी, थापावी, झाकावी, दुसऱ्या दिवशी उघडून सुकू द्यावी. काढलेल्या लेपाच्या खालच्या बाजूला पिवळट, तेलकट ठसा दिसला तर काम होते आहे असे समजावे. पुढच्या लेपावर ठसा उमटेनासा झाला की तेल निघाले. मग साबणाच्या पाण्याने पुसून एक-दोन दिवस जागा मोकळी ठेवावी. टर्पेंटाइनचा वास पूर्ण गेल्यावरच रबरी हातमोजे घालून टाल्क आणि पेरॉक्साइडचा दुसरा लेप लावावा. एक-दोन लेपांत हळद बरीच फिकी पडते. उरलेली पिवळी झाक उन्हावर सोडता येते. कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते. कपड्यांवरचा हळदीचा डाग उन्हात उडतो तो त्यामुळेच. फरशीवर थेट ऊन येत असेल तर काही दिवसांत तीही जाते.

आता उरते ती आम्लाची खूण. ती उथळ असेल, म्हणजे नख अडत नसेल, तर टिन ऑक्साइडची पॉलिश पावडर वापरावी. मार्बलचे सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. जागेवर चिमूटभर पावडर टाकावी, ओलसर नमद्याने किंवा पांढऱ्या पॅडने दाब देऊन लहान गोलांत चोळावी आणि अधूनमधून थेंबभर पाणी देत राहावे. लगदा जवळजवळ सुकेपर्यंत, साधारण पाच मिनिटे चोळून पुसावे आणि तिरक्या उजेडात पाहावे. दोन-तीन वेळा केल्यावर प्रतिबिंब पुन्हा जुळते. हे झाकणे नव्हे. इथे खडबडीत झालेला पृष्ठभाग खरोखर घासून सपाट होतो. मेण किंवा तेल लावून चमक आणली तर ती थोडे दिवस टिकते आणि पुढे पिवळी पडते.

घरी न सुटणारे

नख अडते इतकी खोल झीज किंवा खोलीभर पसरलेली निस्तेजता हाताने दुरुस्त होत नाही. तिथे मशीनवर डायमंड पॅडची क्रमवार घासाई लागते, आधी जाडे, मग अधिकाधिक बारीक. मधला टप्पा गाळला तर जाड्या पॅडचे ओरखडे बारीक पॅडने जात नाहीत आणि फरशी लांबून चमकदार पण जवळून रेघारेघांची दिसते. काम चालू असताना प्रत्येक टप्प्यानंतर फरशी धुऊन, सुकवून पाहिली तर हे वेळीच कळते.

गॅस सिलिंडरच्या कड्याचा किंवा लोखंडी कपाटाच्या पायांचा गंज हा सर्वांत चिवट डाग. बाजारातली गंज काढणारी बहुतेक द्रावणे आम्लाची असतात. ती गंज काढतात आणि त्याच्या जागी पांढरा खळगा ठेवतात. संगमरवरासाठी उदासीन, लोह पकडून ठेवणारी वेगळी संयुगे असतात आणि ती अनुभवी माणसाच्या हातून वापरलेली बरी. सिलिंडरखाली लाकडी किंवा प्लॅस्टिकची चकती ठेवणे त्याहून स्वस्त पडते. पांढरा दगड सगळीकडून हळूहळू पिवळा पडत असेल तर काही वेळा दोष दगडातल्याच लोहयुक्त खनिजांत असतो. ओल मिळाली की ती आतून गंजतात. अशा पिवळेपणावर वरचा लेप फारसा चालत नाही. फरशीखालून येणारी ओल थांबवावी लागते आणि पुसताना पाणी कमी वापरावे लागते.

शेवटचा प्रश्न सीलरचा. दगडाच्या फटींत शिरून पाणी आणि तेल आत जाण्यास विलंब करणारे द्रव मिळतात. गरज आहे का, हे पाण्याच्या थेंबाने कळते. फरशीवर थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी पुसावा. खालचा दगड गडद झाला असेल तर तो पाणी पितो आहे आणि सीलर उपयोगी पडेल. गडद झाला नसेल तर लावायचे कारण नाही. सीलर लावताना फरशी स्वच्छ आणि आतून कोरडी असावी. नाहीतर ओल आणि डाग दोन्ही आत अडकतात. ठरलेल्या वेळानंतर वर राहिलेला द्रव पुसून काढला नाही तर त्याचीच धुरकट साय जमते. सीलर डागाला वेळ देतो, पण आम्लाला अडवत नाही. आम्ल फटींत शिरून नव्हे, तर वरच्या उघड्या कॅल्साइटवरच क्रिया करते आणि तो सीलरनंतरही उघडाच असतो. त्यामुळे सीलर लावलेल्या फरशीवर सांडलेला लोणच्याचा खार आत मुरायला जास्त वेळ घेतो, पण चमक तेवढ्याच लवकर नेतो.